नांगर न धरलेला माणूस

संपावर कथा लिहायला बसलं की पहिली अडचण ही येते, की संपात माणसं काही करत नाहीत. लढाईत तलवार असते, मोर्चात निदान चालणं तरी असतं. शेतकऱ्यांच्या संपात तर ते न करणंही कित्येक महिने दिसत नाही.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, अलिबागजवळच्या चरी गावात शेतकऱ्यांची परिषद झाली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरलं की खोतांच्या, म्हणजे सरकारच्या वतीनं सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जमिनी यापुढे कसायच्या नाहीत. पंचवीस गावं त्यात उतरली आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. कारणं जुनी होती. खोत पिकाचा मोठा वाटा उचलायचा, वर वेठ घ्यायचा, आणि कुळाच्या हातात आपण ही जमीन कसतो याचा कागदी पुरावा नसायचा. पण कथा लिहिणाऱ्याच्या नजरेनं त्या तारखेकडे पाहा. ऑक्टोबरच्या शेवटी कोकणात भात कापणीला आलेलं असतं. त्यानंतर नांगर लागणार तो थेट मृगाच्या पावसात. म्हणजे संप जाहीर झाला आणि पुढचे सात-आठ महिने शिवारात काही वेगळं दिसायचं कारणच नाही. पहिली खूण दिसणार ती फार तर उन्हाळ्यात, गोड्या जमिनीत राब, म्हणजे रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, भाजायच्या दिवसांत. एरवी सकाळच्या हवेत राबाचा धूर असतो, तो त्या वर्षी नसेल.

मला हे रिकामे महिनेच हवे होते. माझ्या दीर्घकथेतला माणूस चळवळीत हळूहळू ओढला जाणार होता, आणि हळूहळू होणाऱ्या गोष्टीला वेळ लागतो. ज्या संपाचा पहिला खरा दिवसच आठ महिन्यांनी उगवतो, त्यात असा माणूस बसवता येतो.

माणसाचं नाव धाकू. गाव खाडीकाठचं, आणि त्याला मी नाव दिलेलं नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा धाकू गावातून वाळीत टाकलेला आहे.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे रायगड-रत्नागिरीच्या वाचकाला सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इतक्या अलीकडे कायदा करावा लागला यावरून ही गोष्ट किती चिवट होती ते कळतं. पण कथेत ‘त्याला वाळीत टाकलं होतं’ एवढं लिहून भागत नाही. ते रोजच्या व्यवहारात उतरावं लागतं. वाण्याकडे मीठ मिळत नाही म्हणून ते दोन गावं ओलांडून आणायचं. बैलाला जू लावायला शेजारी हात देणार नाही. शिमग्याला पालखी घराघरांतून फिरते, ती त्याच्या दारावरून सरळ पुढे जाते. बायको विहिरीवर सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर जाते. आणि मनात सतत ही धास्ती की घरात मयत झालं तर चार खांदेकरी कुठून आणायचे. यातल्या फक्त तीन गोष्टी मी कथेत ठेवल्या. मीठ, बैल आणि पालखी. प्रत्येकीला पुढे काही काम होतं म्हणून त्या राहिल्या. बाकीच्या नुसत्या दया गोळा करत होत्या.

इथे एक फरक स्पष्ट केलेला बरा. जन्मानंच गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस आणि गावकीनं वाळीत टाकलेला माणूस यांची दुःखं सारखी नाहीत. वाळीत टाकलेल्याला दंड भरून परत आत येता येतं, दार किलकिलं असतं. पहिल्याला दारच नसतं. धाकू दुसऱ्या प्रकारचा आहे, कारण मला ते किलकिलं दार हवं होतं. परत यायची सोय असूनही तो येत नाही, यावर सगळी गोष्ट उभी आहे. ही सोय दलित नायकाच्या हातात ठेवली असती तर ते सरळ खोटं झालं असतं.

मग तो वाळीत का? या प्रश्नाशी मी बरेच दिवस घुटमळलो. निरपराध माणसावर अन्याय झाला असं दाखवलं की वाचक लगेच त्याच्या बाजूनं होतो आणि तिथेच गोष्ट संपते. अशा माणसाला पुढे बदलायला काही उरत नाही. कथा-कार्यशाळांत येणाऱ्या हस्तलिखितांत हा निष्पाप बहिष्कृत फार भेटतो. तो पहिल्या पानापासून संत असतो, फक्त गावाला ते शेवटच्या पानावर कळतं.

धाकूचं कारण मी खारबंदिस्तीत शोधलं. खाडीकाठची भातजमीन समुद्राच्या पातळीला, कधी तिच्याही खाली असते. मातीचा बांध घालून खारं पाणी अडवलेलं असतं. बांधात उघाडी असते. ओहोटीला तिच्यातून शेतातलं पाणी खाडीत जातं आणि भरतीला तिची झापड मिटते. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत नीट पीक येत नाही. म्हणून खांड पडली की प्रत्येक घरातला एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे. रात्र असो, पाऊस असो.

एका रात्री खांड पडली आणि धाकू गेला नाही. बायको बाळंतपणात अडली होती. मूल राहिलं नाही. गावकीनं त्याचं कारण ऐकून घेतलं आणि रिवाज म्हणून थोडासा दंड सांगितला. रक्कम किरकोळ, कोणीही भरून मोकळा झाला असता. धाकू म्हणाला, ‘लहानपणापासून या बांधात हात घातलेत, त्याचा हिशेब काढा, मग दंड मागा.’ गावकीनं हिशेब काढला नाही आणि त्यानं दंड दिला नाही.

या कारणाचं मला समाधान आहे, कारण इथे दोन्ही बाजूंना काही ना काही म्हणणं आहे. बांधावर एक घर आलं नाही तरी चालतं असं एकदा ठरलं की पुढच्या खांडीला पाच घरं येणार नाहीत, हे गावकीलाही कळतं. आणि ज्याच्या घरात त्याच रात्री मेलेलं मूल निपजलं, त्याच्याकडे दंड मागायला जाताना कोणाचेच पाय उचलत नसतील, हेही खरं. धाकूचा हेका त्याचा दोष आहे. पुढे खोतासमोर हाच हेका उपयोगी पडणार आहे. शिवाय एकत्र येऊन करायच्या कामातूनच तो बाहेर फेकला गेला आहे. त्यामुळे कोणी येऊन ‘सगळ्यांनी एक व्हायला पाहिजे’ म्हणालं की त्याला ते भाषण वाटत नाही, जुनी थकबाकी मागितल्यासारखं वाटतं.

आता नकाराबद्दल. नायक व्हायला नकार देणारा माणूस लिहिताना सगळ्यात सोपा आणि सगळ्यात पोकळ मार्ग म्हणजे त्याच्या तोंडी ‘मी साधा माणूस आहे, मला यात ओढू नका’ अशी वाक्यं घालणं. वाचकाला माहीत असतं की तो शेवटी येणारच आहे. मग हा नकार नुसता आढेवेढे ठरतो. नकार खरा वाटायचा असेल तर त्याला दुसरं काहीतरी जोरानं हवं असलं पाहिजे. चळवळीच्या विरुद्ध दिशेचं असेल तर फारच उत्तम. धाकूला मुंबईला जायचं आहे. बैल विकायचे, रेवस बंदरातून बोट पकडायची आणि बायकोला घेऊन गिरणगावात एखाद्या खोलीत भाड्यानं राहायचं. तिथे तरी आपल्याला वाळीत टाकलंय हे कोणाला ठाऊक नसेल. कथेच्या प्रत्येक पानावर तो या एकाच कामाच्या मागे आहे. बैलांना गिऱ्हाईक बघतोय, पैसे मोजतोय, मुंबईहून सुटीला आलेल्याला गाठून चाळीची चौकशी करतोय. माणूस बसून राहिला की वाचक कंटाळतो. धाकू बसत नाही. तो सारखा निघायच्या तयारीत असतो, आणि त्या तयारीतच अडकत जातो.

अडकण्याची पहिली गाठ खोताच्या दिवाणजीनं मारली. संप जाहीर झाल्यावर गावात कोण नांगर धरेल याचा तो अंदाज घेतो, तेव्हा त्याच्या नजरेत एकच माणूस येतो. ज्याला गावानं टाकलं, त्याला गावाच्या संपाचं काय? दिवाणजी त्याच्या अंगणात येतो. गावातलं कोणीच येत नाही त्या अंगणात, हे लक्षात घ्या. तो जमीन देऊ करतो, वाटा पूर्वीपेक्षा चांगला देऊ करतो, बैलांना वैरणही देतो म्हणतो. फक्त कबुलायतीवर अंगठा पाहिजे.

हा प्रसंग मी पुष्कळदा लिहिला. मोह खरा वाटला पाहिजे. धाकूनं ‘मी गरिबांच्या पोटावर पाय देणार नाही’ असं काही म्हटलं तर तो पहिल्याच भेटीत संपकरी होऊन बसतो. म्हणून मी त्याला हिशेब करू दिला. एक हंगाम कसलं तर मुंबईचं भाडं आणि वर दोन महिन्यांची खोली सुटते. तो जवळजवळ हो म्हणतो. अडतो तो अंगठ्यावर. त्याच्या बापानं असाच एक अंगठा दिला होता आणि त्या कागदात काय लिहिलं होतं ते मरेपर्यंत त्याला कळलं नाही.

‘दिवाणजी, तोंडी ठरवू,’ धाकू म्हणतो.

‘तोंडी काय ठरवतोस धाक्या? कोर्टात तोंड दाखवायचं का?’

‘मग अंगठा नाय.’

एवढंच. दिवाणजी चिडून जातो. संपाचा या नकाराशी काडीचा संबंध नाही. पण गावाला लांबून दिसतं ते वेगळंच. खोताचा माणूस धाकूच्या दारात आला आणि हात हलवत परत गेला, एवढंच गावानं पाहिलं.

मी ज्याला कथेचं खरं यंत्र म्हणतो ते इथून चालू होतं. चळवळ धाकूला समजण्याआधी चळवळीनं त्याचा चुकीचा अर्थ लावून त्याला आपला म्हणून टाकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या उंबऱ्यावर मिठाची पुडी. कोणी ठेवली ते कळत नाही. धाकूला राग येतो. ज्या गावानं इतकी वर्षं मीठ दिलं नाही ते आता का देतंय? तो पुडी उचलून पाणवठ्याजवळच्या दगडावर नेऊन ठेवतो. तिसऱ्या दिवशी दोन पुड्या. बायको एक घरात घेते आणि त्याला सांगत नाही. मला वाटतं, धाकू संपात खऱ्या अर्थानं ओढला गेला तो या क्षणी, त्याच्या पाठीमागे, स्वयंपाकघरात. बायकोला मुंबईला जायचंच नव्हतं. तिचं मूल याच मातीत पुरलं होतं. हे तिच्या तोंडून मी कुठेही वदवलेलं नाही.

ओढलं जाणं दाखवताना मी एक पथ्य पाळलं. प्रत्येक पाऊल लहान असलं पाहिजे, मागे घेता येण्यासारखं असलं पाहिजे, आणि त्याला धाकूकडे स्वतःचं स्वार्थी कारण असलं पाहिजे. कारण खोटं असलं तरी चालेल, पण त्याला ते खरं वाटलं पाहिजे. जिथे स्वार्थाचं कारण सापडलं नाही ते पाऊल मी कापलं. संपाच्या सभेला तो अंधारात उभा राहून भाषण ऐकतो असा एक चांगला वठलेला प्रसंग होता. तो याच कसोटीवर गेला. धाकू सभेला का जाईल? त्या दिवशी तो दोन गावं पलीकडे बैल दाखवायला गेला असणार. नेत्याचा आवाजही कथेत येत नाही, त्याला हेही कारण आहे. नारायण नागू पाटील प्रत्यक्षात होऊन गेलेला माणूस. माझ्या कल्पनेतली वाक्यं त्यांच्या तोंडी घालायचा मला अधिकार नाही, आणि धाकूच्या कानापर्यंत तशीही ती तिसऱ्याच्या तोंडूनच आली असती.

मग १९३४ चा पावसाळा येतो आणि संप पहिल्यांदा डोळ्यांना दिसू लागतो. शिवार पडीक. आणि आषाढाच्या उधाणाला बांधाला खांड पडते.

हा प्रसंग सुचला तेव्हा मला कथा सापडल्यासारखं वाटलं, कारण इथे चळवळ स्वतःच गोंधळात पडते. जमीन कसायची नाही असं ठरलंय. मग खोताच्या जमिनीचा बांध आपण का बांधायचा? वाहून जाऊ दे, खोताचंच नुकसान. दुसरे म्हणतात, जमीन उद्या आपली व्हायची आहे, खारवली तर भांडायचं कशासाठी? गावकीत रात्रभर वाद. तिकडे पाणी शिरतंय. शेवटी एक म्हातारी वाद मिटवते. तिला जमिनीचं काही पडलेलं नाही; बांधाच्या आत गावाची गोड्या पाण्याची विहीर आहे. विहीर खारट झाली तर संपकरी आणि फुटीर दोघंही काय पिणार?

लोक बांधावर जातात आणि चुकीचं काम करतात.

खांड बुजवणं हे ताकदीपेक्षा वेळेचं काम आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीही मोठी आणि ओहोटीही जोराची, त्यामुळे पाणी येता-जाता खांडीच्या कडा खात राहतं. त्या दिवसांत मधोमध माती टाकणं म्हणजे माती खाडीला दान करणं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाण्याची चढउतार कमी असते, तोवर कडा राखायच्या. दोन्ही तोंडांना खुंट ठोकून, कुडाच्या मागे पेंढा आणि चिखल दाबून खांड आणखी रुंदावू द्यायची नाही. भांग आला की दोन्हीकडून आत सरकत यायचं. आणि सगळ्यात धोक्याचा शेवटचा हातभर भाग, कारण तोंड अरुंद झालं की तेवढ्याच पाण्याला तिथून जायचं असतं आणि त्याचा वेग वाढतो. तो भाग ओहोटी पुरती उतरून पाणी थबकलेलं असतानाच एकदम मिटवायचा. त्यासाठी चिखलाची ढेकळं आधी कापून हाताशी रचून ठेवावी लागतात. तेव्हा खणायला गेलात तर भरती उलटते.

गावातले जाणते म्हातारे गेलेले आहेत आणि उरलेल्यांत हे अंगी मुरलेला माणूस धाकूच. त्याचं घर बांधाला लागून. तो ओटीवर बसून बघतोय, पोरं उधाणाच्या पाण्यात मधोमध दगड लोटतायत. एक दगड गेला, दुसरा गेला. त्याला बोलवायला कोणी आलेलं नाही, वाळीतल्या माणसाला बोलवणार कसं? आणि इथे मला या माणसाचं कारण सापडलं. त्याला दया येत नाही, गाव आठवत नाही, मेलेलं मूलही आठवत नाही. त्याला ते काम बघवत नाही. आपल्याला येणारं काम दुसरा चुकीचं करतोय हे डोळ्यांसमोर बघत बसणं कसबी माणसाला शक्य नसतं. सुताराच्या पुढ्यात कोणी आडव्या रेषेवर रंधा मारायला लागलं की त्याचा हात आपोआप पुढे होतो, तसं. तो शिव्या देत उतरतो. त्या शिव्या मी पानभर लिहिल्या होत्या. दोन ओळी ठेवल्या.

आठ दिवस तो त्यांच्याकडून काम करून घेतो. गाव त्याचं ऐकतं, आणि जेवायच्या वेळी त्याला वेगळं बसवतं. हे वेगळं बसवणं मी मुद्दाम ठेवलंय. हस्तलिखित वाचलेल्या एका मैत्रिणीला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, एवढा चिखल एकत्र तुडवल्यावर माणसं इतकी कोरडी राहणार नाहीत. मला वाटतं, राहतात. रिवाजाला चिखल लागत नाही. उपकार झालेल्याला तर रिवाजाचा आधार जास्तच लागतो, नाहीतर उपकार मान्य करावा लागेल.

खांड मिटल्यावर दिवाणजी पुन्हा येतो, या वेळी पैसे घेऊन. ‘बांध खोतांचा, मजुरी घे.’ रक्कम मुंबईच्या भाड्याला पुरून उरेल एवढी. अंगठाही नको. धाकूला वर्षभर जे हवं होतं ते समोर आहे आणि अट काहीच नाही. अट न सांगता येते ती एवढीच, की मजुरी घेतली तर बांध खोताचा ठरतो आणि ते आठ दिवस खोताच्या चाकरीत जमा होतात.

माझ्या मते मागे फिरायची वाट इथे बंद होते, आणि धाकूला त्या वेळी ते कळत नाही. कळलं असतं तर त्याला भाषण करावं लागलं असतं. तो फक्त म्हणतो, ‘बांध माझ्या घरामागचा आहे. मजुरी कसली?’ यातही त्याचा हेकाच आहे. गावकीला जे ऐकवलं होतं तेच तो खोताला ऐकवतोय, की माझ्या हातांचा हिशेब तुम्ही तुमच्या वहीत मांडू नका. फरक एवढाच, की या वेळी या वाक्याचा फायदा त्याच्याखेरीज इतरांनाही होतो.

इथे थांबलो असतो तर कथा गोड झाली असती. गावकी येते, वाळीत उठवते, पालखी दारात थांबते. पालखीची तयारी मी सुरुवातीला करून ठेवलेलीच होती. पण दंडाचं काय? गावकी येते ती म्हणते, दंड भर, म्हणजे रिवाजानं तुला आत घेता येईल. हवं तर आम्हीच वर्गणी काढून भरतो. धाकू म्हणतो, भरायचा नाही, तुम्हीही भरायचा नाही. त्यामुळे तो संपात आहे आणि गावकीबाहेरच आहे. या दोन गोष्टी मी शेवटपर्यंत एक होऊ दिल्या नाहीत.

आणि मग जो प्रसंग येतो त्यासाठीच बहुधा मी ही कथा लिहिली. संप लांबतो. लोक लाकडाच्या मोळ्या विकतात, मजुरीला जातात, खाडीत मासे धरतात. पोटाला चिमटा बसतो तसा एकेक जण डळमळू लागतो. पुढच्या पावसात एक कुळ, लहान पोरांचं घर, गुपचूप खोताशी बोलणी करून नांगर बाहेर काढतं. संप टिकवायचा तर एकालाही फुटू देऊन चालत नाही. गावाकडे हत्यार एकच आहे, बहिष्कार. वाळीत टाकल्याचं त्या घराला कळवायला कोणी जायचं? गावकी ठरवते, धाकूनं जावं. त्याचा शब्द आता वजनाचा आहे. शिवाय, एक जण बोलून जातो, वाळीत म्हणजे काय हे त्याच्याएवढं कोण सांगणार?

चळवळीत आलेल्या बहिष्कृताला चळवळ पहिलं मानाचं काम देते ते दुसऱ्याला बहिष्कृत करण्याचं. संप खरा आहे, खोताचा जुलूमही खरा आहे, आणि हे हत्यारही तेच आहे. यातलं काहीच खोटं न ठरवता पुढे कसं जायचं, ते मला बरेच दिवस सुचलं नाही. धाकू सरळ नकार देऊन निघून गेला तर तो सगळ्यांपेक्षा उंच होतो, पुन्हा नायक. काम करून आला तर तो गावकीचाच झाला. तिसरी वाट त्याच्या स्वभावातून, म्हणजे व्यवहारातूनच निघायला हवी होती.

ती बैलांनी दिली. धाकूचे बैल अजून विकले गेलेले नव्हते. वाळीतल्या माणसाचे बैल गावात कोणी घेईना आणि बाजारात भाव येईना. तो रात्री त्या कुळाच्या घरी जातो आणि निरोप सांगत नाही. विचारतो, खोतानं तुला काय देऊ केलंय? त्या माणसाला लागणारं भात किती, ते दोघं बोटांवर मोजतात. दुसऱ्या दिवशी धाकू दोन्ही बैल पडत्या भावात बाजारात काढतो आणि त्यातून भात आणून त्या घरात टाकतो. फुकट नाही. बदल्यात त्या माणसाचा नांगर स्वतःच्या गोठ्यात आणून ठेवतो, गहाण म्हणून. मैत्रिणीनं इथे वही मिटली आणि म्हणाली, ‘झाला की रे हा शेवटी हिरो!’

तिचा आक्षेप मी मनावर घेतला. बैल म्हणजे मुंबई. ते विकून भात घेणं हा त्याग झाला, आणि त्यागाला नायकाचा वास येतोच. तो वास कमी करायला मी दोन गोष्टी केल्या. त्या कुळाकडून धाकू व्याज लावतो, दर वर्षाला थोडं भात, आणि ते मागायला नेमानं जातो. त्यामुळे त्या घराला तो कधीच आवडत नाही. आणि गावकीपुढे तो निरोप सांगून आलो असं धडधडीत खोटं बोलतो. गाव समजतं, धाकूच्या धाकानं नांगर आत गेला. त्याची कीर्ती वाढते, ती चुकीच्या कारणानं. तो ती दुरुस्त करत नाही, कारण केली तर त्या घरावर खरोखरचा बहिष्कार येईल.

संप पुढे काय झाला ते वाचकाला ठाऊक असतं किंवा शोधता येतं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १९३९ चा कूळकायदा आला, खोती प्रत्यक्षात कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर. सातबाऱ्यावर धाकूचं नाव चढतंय असं एक शेवटचं पान लिहून ठेवायचा मोह फार झाला. लिहिलं नाही. कथा १९३५ च्या दिवाळीनंतर थांबते. धाकू त्या कुळाच्या दारात व्याजाचं भात मागायला उभा आहे, आणि ते लोक आत बसून, तो निघून जाईल म्हणून, आवाज करत नाहीयेत. मैत्रिणीचं अजूनही म्हणणं आहे की व्याज जरा जास्तच होतंय. दर थोडा खाली आणावा का, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.